मालकाचे फोन कुणी उचलायचे?

‘ऑपरेशन्स मॅनेजर पाहिजे. पदवीधर, वाहतूक क्षेत्रातला किमान ८ वर्षांचा अनुभव, संगणकाचे ज्ञान, नेतृत्वगुण आणि दबावाखाली काम करण्याची तयारी आवश्यक.’ भिवंडी, चाकण, कळंबोली या पट्ट्यातल्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या जाहिराती बहुतेक अशाच असतात. ‘वाहतूक’ हा शब्द काढून तिथे ‘बिस्किटे’ टाकलं, तरी जाहिरात तशीच चालेल. अर्ज ढिगाने येतात, मुलाखती गप्पांसारख्या होतात, एक चुणचुणीत माणूस निवडला जातो आणि सहा महिन्यांनी मालक पुन्हा रात्री दीड वाजता ड्रायव्हरशी फोनवर बोलत असतो. दोष मग त्या माणसावर जातो. खरं तर त्याला नेमकं काय करायचं होतं, हे कुणी लिहिलेलंच नसतं.

एक उदाहरण धरून चालू. भिवंडीजवळ मानकोलीला गोदाम असलेली, पार्ट-लोडचं काम करणारी एक कंपनी. पार्ट-लोड म्हणजे एकाच गाडीत अनेक ग्राहकांचा थोडा थोडा माल. ठाणे, वसई, तुर्भे इथून दिवसभर माल गोळा होतो, संध्याकाळी गोदामात उतरतो, गावांप्रमाणे वेगळा होतो आणि रात्री पुणे, नाशिक, नागपूरच्या गाड्या सुटतात. ही कंपनी काही वर्षांपूर्वी रोज सहा गाड्या सोडायची, आता पंचवीस सोडते. त्यांतल्या आठ स्वतःच्या, बाकी बाजारातून भाड्याने घेतलेल्या. सहा गाड्यांच्या काळात मालकाला प्रत्येक ड्रायव्हरचं गाव माहीत होतं. कुठल्या ग्राहकाचा माल नेहमी उशिरा येतो, कोणता दलाल ऐनवेळी गाडी फिरवतो, सगळं डोक्यात. पंचवीस गाड्यांना ते डोकं पुरत नाही. गाड्या वाढल्या, माणसं वाढली, पण निर्णय घेणारा एकच राहिला.

अशा कंपनीने पदाचं वर्णन कुठून लिहायला घ्यावं? माझ्या मते दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीतून तर अजिबात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हवाई दलासाठी काम करताना एक साधी पद्धत बसवली आणि १९५४ मध्ये ती सविस्तर मांडली. चांगल्या वैमानिकाचे गुण कोणते, असं विचारण्याऐवजी प्रत्यक्ष घडलेले प्रसंग विचारायचे: काय झालं, त्या वेळी माणसाने काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. पुरेसे प्रसंग जमले की कामाचा आकार आपोआप दिसू लागतो. ट्रान्सपोर्टमध्ये ही पद्धत चपखल बसते, कारण इथे प्रसंगांना तोटा नाही. मालक, डिस्पॅचचा सुपरवायझर, बिलिंगचा क्लार्क आणि गोदामातला मुकादम या चौघांनी गेल्या दोन महिन्यांतले घोळ एकमेकांना न विचारता कागदावर उतरवायचे. आपल्या उदाहरणातल्या कंपनीत असे कोणते प्रसंग निघतील, त्यांतले दोन नीट पाहू.

पहिला ई-वे बिलाचा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीचा आणि राज्याबाहेर ५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल हलवायचा तर, काही अपवाद सोडता, जीएसटीचं ई-वे बिल लागतं. त्याच्या दुसऱ्या भागात गाडीचा नंबर भरला की मुदतीचं घड्याळ सुरू होतं. नेहमीच्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. भिवंडी ते नागपूर हे अंतर ६०० च्या वर आणि ८०० च्या आत येतं, म्हणून चार दिवस मिळतात. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. आपल्या कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी क्लार्कने उद्याचं काम आज उरकावं म्हणून गाडीचा नंबर भरून टाकला. गाडी काही शनिवारी भरली नाही, म्हणून ती रविवारी रात्री सुटली. वाटेत क्लच गेला, दीड दिवस मोडला. बुधवारी सकाळी नागपूरच्या अलीकडे तपासणी झाली, तेव्हा मुदत मंगळवारी मध्यरात्रीच संपलेली होती. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. म्हणजे बुधवारी सकाळी आठपर्यंत ते बिल वाचवता आलं असतं. पण भिवंडीच्या ऑफिसात त्या वेळी कुणी नव्हतं, आणि ड्रायव्हर हे काम करत नाही. माल ३ लाखांचा, कर १८ टक्के म्हणजे ५४ हजार, आणि दंड कराच्या दुपटीने, म्हणजे १ लाख ८ हजारांपर्यंत जाऊ शकतो. त्या मालाचं भाडं जेमतेम चार हजार.

या प्रसंगात क्लार्क आळशी नव्हता, उलट जरा जास्तच तत्पर होता. ‘गाडी लोडिंगला लागल्याशिवाय नंबर भरायचा नाही’ आणि ‘रोज संध्याकाळी सहाला चोवीस तासांत मुदत संपणाऱ्या बिलांची यादी काढायची’ असे दोन नियम कुणी घालून दिले नव्हते, हा खरा प्रश्न. ते घालून देणं आणि रात्रपाळीला कुणीतरी ती यादी पाहतंय याची खात्री करणं हे ऑपरेशन्स मॅनेजरचं काम. ‘कायदेशीर कागदपत्रांचे ज्ञान आवश्यक’ या ओळीऐवजी वर्णनात नेमकं हेच लिहायला हवं.

दुसरा प्रसंग पीओडीचा. माल पोचल्यावर घेणारा बिल्टीच्या प्रतीवर सही-शिक्का मारतो, तो पोच-पुरावा म्हणजे पीओडी. बाहेरच्या माणसाला हा कागद किरकोळ वाटेल, पण ट्रान्सपोर्टरचे पैसे त्यावरच अडलेले असतात. मोठे ग्राहक पीओडी जोडल्याशिवाय बिल स्वीकारत नाहीत, आणि उधारीचे तीस किंवा पंचेचाळीस दिवस मोजले जातात ते बिल स्वीकारल्याच्या तारखेपासून. आपली कंपनी रोज ४ लाखांचं भाडं कमावते असं धरा. पीओडी दहा दिवसांत परत यायला हवा, तो अठरा दिवसांनी येतो. आठ दिवसांचा फरक गुणिले ४ लाख, म्हणजे ३२ लाख रुपये कायमचे बाजारात अडकले. इकडे डिझेल रोखीत, आणि बाजारातल्या गाडीला भाड्याचा मोठा हिस्सा ॲडव्हान्स म्हणून गाडी सुटतानाच द्यावा लागतो. धंदा वाढतोय तरी महिनाअखेर पगाराला पैसे नाहीत, असं मालक सांगतो तेव्हा मी आधी पीओडीच्या रजिस्टरकडे बोट दाखवते. गाड्या वाढतात तसा हा अडकलेला आकडाही वाढतो, त्यामुळे नफ्यात चाललेली कंपनीही गळाठते.

हे दोन प्रसंग हाताशी आले की वर्णन लिहिणं सोपं जातं. रात्रीच्या गाड्या ठरलेल्या वेळी आणि भरून सोडणं. बाजारातल्या गाड्यांचं भाडं ठरवणं आणि कुठल्या दलालाची गाडी पुन्हा घ्यायची नाही ते ठरवणं. कागद मुदतीत ठेवणं आणि पीओडी परत आणणं. गोदामातली तूटफूट आणि हमालीचे तंटे मिटवणं. काम एवढंच. त्यासोबत काय करायचं नाही, तेही लिहावं: नवे ग्राहक आणणं आणि थकलेली वसुली करणं त्याच्याकडे नाही. ही ओळ नसेल तर तीन महिन्यांत वसुलीचे फोनही त्याच्याच माथी येतात, कारण ग्राहकांना तोच ओळखत असतो. वेळही खरी लिहावी. पार्ट-लोडचं गोदाम दुपारी चार ते रात्री अकरा जिवंत असतं. ‘सकाळी १० ते ६’ असं छापून नंतर रात्री थांबवणं ही फसवणूक आहे. घरी लहान मूल असलेली, पण दुपारी दोन ते रात्री दहा काम करू शकणारी एखादी हुशार बाई त्या जाहिरातीमुळे अर्जच करत नाही.

पण वर्णनातला सगळ्यात मोलाचा आणि जवळपास कुणीच न लिहिणारा भाग म्हणजे अधिकाराच्या मर्यादा, रुपयांत. न विचारता बाजारातली गाडी किती भाड्यापर्यंत घ्यायची? ठरलेल्या दरापेक्षा दहा टक्के जास्त, असं लिहा. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या दुरुस्तीला रात्री किती रक्कम मंजूर करायची? १५ हजार, असं लिहा. माल फुटला तर ग्राहकाशी किती रकमेपर्यंत तडजोड करायची, किती दिवसांच्या रजेला हो म्हणायचं, कुणाला कामावरून काढायचं तर आधी कुणाला विचारायचं. हे आकडे कंपनीगणिक वेगळे असतील. मात्र ते ठरवताना मालकाला स्वतःशी प्रामाणिक व्हावं लागतं, म्हणूनच तो टाळतो. शून्य रुपयांची मर्यादा असलेला मॅनेजर नेमायचा असेल तर तो नेमूच नये. चांगला सुपरवायझर कमी पगारात मिळतो.

त्याचं काम मोजायला तीन आकडे पुरतात: ठरलेल्या वेळी सुटलेल्या गाड्या, पीओडी परत यायला लागणारे सरासरी दिवस आणि दर किलोमागे पडलेला वाहतूक खर्च. व्याख्या मात्र आधी पक्की करावी. ‘गाडी वेळेवर सुटली’ म्हणजे गेटमधून बाहेर पडली, की लोडिंग संपलं? वेळ लोडिंग संपल्याची धरली, तर गेटबाहेर डिझेलच्या पैशांसाठी तासभर उभी राहिलेली गाडीसुद्धा कागदावर वेळेवर सुटते. आणि तीनही आकडे एकत्रच पाहावेत, कारण नुसता किलोचा खर्च पाहिला तर मॅनेजर गाडी भरेपर्यंत रोखून धरतो.

आता मुलाखत. ‘तुमच्याबद्दल सांगा’, ‘तुमची बलस्थानं काय’, ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ या प्रश्नांची उत्तरं उमेदवार पाठ करून येतो, आणि ऐकणाऱ्याला त्याचं बोलणं आवडलं की नाही एवढंच त्यातून ठरतं. गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेली पद्धत जास्त कामाची आहे. कामावर खरोखर येणारा प्रसंग सगळ्या उमेदवारांपुढे सारख्याच शब्दांत ठेवायचा. आणि चांगलं, मध्यम, वाईट उत्तर कसं असेल ते मुलाखतीच्या आधी लिहून ठेवायचं. प्रसंग शोधायला लांब जावं लागत नाही. वर्णन लिहिताना जमवलेले घोळच आता प्रश्न होतात.

पहिला प्रश्न असा करता येईल: ‘रात्रीचे आठ वाजलेत. नागपूरची गाडी नऊला सुटायची आहे. साडेसहा टन माल भरून झालाय, गाडी नऊ टनांची. एका जुन्या ग्राहकाचा फोन येतो, माझा दीड टन माल साडेदहाला पोचेल, गाडी थांबवा. किलोला ४ रुपये भाडं आहे. काय कराल?’ हिशेब सोपा आहे, ६ हजार रुपये. कच्चा उमेदवार लगेच निकाल देतो: ग्राहक जुना आहे, थांबवू, किंवा शिस्त म्हणजे शिस्त, सोडू. मुरलेला माणूस आधी तीन-चार गोष्टी विचारतो. गाडीत आधी भरलेल्यांपैकी कुणाला पोचवायची तारीख बांधलेली आहे का? नागपुरात गाडी सकाळच्या बंदीच्या वेळेआधी शिरू शकेल का, की दिवसभर शहराबाहेर उभी राहील? उद्या नागपूरची गाडी आहे का? येणारा माल जड आहे का? शेवटचा प्रश्न विचारणारा गोदामात उभा राहिलेला असतो. लोखंडी पार्ट्सचे खोके खालीच ठेवावे लागतात, वरच्या नाजूक मालावर चढवता येत नाहीत. म्हणजे भरलेली गाडी निम्मी उतरवून पुन्हा भरायची, हमाली दुप्पट आणि साडेदहाचे बारा. उत्तर ‘थांबवू’ आलं की ‘सोडू’, याला फारसं महत्त्व नाही. कारणं मात्र अशी यायला हवीत.

दुसरा प्रश्न रस्त्यावरचा. ‘पहाटे दोन वाजता समृद्धी महामार्गावर मेहकरजवळ गाडी बंद पडली. आत बावीस ग्राहकांचा माल आहे. पहिल्या तासात काय काय कराल, क्रमाने सांगा.’ इथे क्रमच परीक्षा घेतो. ड्रायव्हर सुखरूप आहे का, गाडी लेनमधून बाजूला घेतली का, मागून येणाऱ्यांना दिसेल असं काही लावलंय का, हे पहिलं. त्यानंतर बिघाड जागेवर निघेल की दुसरी गाडी लागेल, याचा अंदाज. दुसऱ्या गाडीत माल भरायचा ठरलं, तर निघण्याआधी बावीसही ई-वे बिलांत नव्या गाडीचा नंबर चढवावा लागतो. हे न सांगितलेला उमेदवार बहुधा फक्त शहरातल्या डिलिव्हरीत काम केलेला असतो. आणि सकाळी ग्राहकांचे फोन येण्याआधी आपण त्यांना फोन करायचा, हे जो आपणहून बोलतो त्याला मी दोन गुण जास्त देते.

तिसरं, एक कागद हातात द्यावा. स्वतःच्या दोन गाड्यांची भिवंडी-नागपूर-भिवंडी फेरी, दोन्हींचं अंतर १,५०० किलोमीटर. एकीने ३०० लिटर डिझेल घेतलं, म्हणजे लिटरला ५ किलोमीटर. दुसरीने ३६०, म्हणजे ४.१७. साठ लिटरचा फरक. डिझेल ९० रुपये धरलं तरी ५,४०० रुपये. उमेदवाराला दहा मिनिटं द्यायची आणि विचारायचं, काय दिसतं? अनेक जण ताबडतोब म्हणतात, ड्रायव्हरने डिझेल विकलं. विकलं असेलही. पण एका फेरीच्या कागदावरून ते सांगता येत नाही. जाताना टाकी किती भरलेली होती आणि आल्यावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरली का? नसेल, तर ते साठ लिटर कदाचित टाकीतच आहेत. दोन्हींत वजन सारखं होतं का? परतीच्या भाड्यासाठी कुठे आत गावात जावं लागलं का? याच गाडीच्या मागच्या चार फेऱ्या काय सांगतात, आणि ड्रायव्हर बदलल्यावर ॲव्हरेज बदलतं का? जो माणूस मुलाखतीतच ड्रायव्हरला चोर ठरवतो, तो पहिल्या महिन्यात तीन ड्रायव्हर घालवतो. आज ड्रायव्हर मिळवणं गाडी विकत घेण्यापेक्षा अवघड झालंय.

चौथा प्रश्न मालकाने स्वतः विचारावा, तोंडावर हसू न आणता: ‘मोठा ग्राहक आहे, मी स्वतः सांगतोय, दोन टन जास्त भरा. भराल?’ २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहेत, म्हणजे दोन टनांचे २४ हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेतला जाऊ शकतो. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर ऐकायला गोड वाटतं. मात्र मालकालाच नाही म्हणू न शकणारा माणूस रात्री अकराला दलालाला, मुकादमाला किंवा ग्राहकाला काय नाही म्हणणार? नुसतं ठासून ‘नाही’ म्हणणंही पुरत नाही. ‘दोन टन उद्याच्या गाडीत आधी भरतो, ग्राहकाशी मी बोलतो’ असं काहीतरी त्याच्यापुढे यायला हवं.

आणखी एक प्रश्न मागच्या नोकरीबद्दल: ‘तुम्ही सुरू केलेली आणि तुम्ही सोडल्यानंतरही चालू असलेली एक पद्धत सांगा.’ उत्तरात ‘आम्ही’ फार आला तर थांबवून विचारावं, त्यात तुमचा हात नेमका कशाला लागला? आकडा विचारावा, आधी किती होता, नंतर किती झाला, कसा मोजला. खरं काम केलेल्याला रजिस्टरचा रंगसुद्धा आठवत असतो.

उमेदवार दोन दिशांनी येतात. एक, आपलाच जुना सुपरवायझर. त्याला ड्रायव्हर, हमाल, दलाल सगळे ओळखतात, माथाडींच्या टोळीशी कसं बोलायचं तेही ठाऊक. पण त्याची सवय स्वतः धावून काम निपटायची. दुसऱ्याकडून करून घ्यायला आणि लिहून ठेवायला तो कंटाळतो. डिझेलचा कागद त्यालाही द्यावाच, ओळखीचा म्हणून सूट नको. दुसरी दिशा मोठ्या कुरिअर किंवा बहुराष्ट्रीय कंपनीतून आलेल्या माणसाची. आकडे त्याच्या जिभेवर असतात, पण ते आकडे त्याला एखाद्या यंत्रणेने तयार करून दिलेले असतात. त्याला विचारावं, इथे पहिले सहा महिने सॉफ्टवेअर नाही, उद्या संध्याकाळपासून काय लिहून ठेवायला लावाल? एका वहीत चार रकाने आखून दाखवणारा चालतो. पहिली मागणी सॉफ्टवेअरचीच असेल, तर त्याला थोडं थांबवावं. माझा कल, दोघे जवळजवळ सारखे असतील तर, घरच्या माणसाकडे जातो. मात्र अट एकच: त्याच्या जागी डिस्पॅचला दुसरा माणूस आधी उभा करायचा, नाहीतर तो दोन्ही खुर्च्यांवर बसतो.

निवड पक्की करण्याआधी शेवटच्या दोघांना पगारी एक संध्याकाळ गोदामात घालवायला सांगावी, चार ते अकरा. काम सांगू नये, फक्त पाहू द्यावं, आणि निघताना विचारावं, काय खटकलं? त्यातून मुलाखतीत न कळलेलं बरंच कळतं. एखादा म्हणेल, गोदाम अस्वच्छ आहे. दुसरा म्हणेल, सात ते नऊ सगळे हमाल एकाच दारावर होते आणि दुसऱ्या दारावर पुण्याची गाडी रिकामी उभी होती.

उमेदवार म्हणून मुलाखतीला जाणाऱ्यानेही आपले प्रश्न न्यावेत. याआधी या पदावर कोण होतं आणि ते का गेले? पीओडी परत यायला सध्या किती दिवस लागतात? हा आकडा कुणालाच सांगता येत नसेल, तर पहिलं काम काय असेल ते तिथेच कळतं. आणि रात्री बाराला गाडी सोडायला ५ हजार जादा द्यावे लागले, तर ते कुणाच्या सहीने निघतात? मर्यादेचा आकडा नेमणूकपत्रात लिहून मागावा. ‘त्याचं बघू नंतर’ असं उत्तर आलं, तर पगाराची बोलणी सुपरवायझरच्या पदाला धरून करावीत आणि घरी जाऊन शांतपणे विचार करावा.